सरकीचं तूप

डिसेंबरातली सकाळ होती. नागपूरच्या थंडीत सकाळी अंगणात बसलं की ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, तशी आम्ही तिघी ओट्यावर बसलो होतो. पुण्याहून आलेली माझी नणंद, सासूबाई आणि मी. काटोलकडून दर महिन्याला तूप घेऊन येणारी मावशी डबा उघडून समोर बसली होती. डब्यातलं तूप पांढरं, घट्ट, आणि वर जाडसर रवा. चमचा घातला तर नुसता ओरखडा उठायचा. नणंदेनं बोटाच्या टोकावर थोडंसं तूप घेतलं, तळहातावर ठेवलं, आणि आम्ही तिघी त्या कणाकडे बघत बसलो. तो वितळेना. बराच वेळ तसाच राहिला, मग कडेनं किंचित ओलसर झाला. ताई सरळ म्हणाल्या, "मावशी, यात डालडा आहे. आमच्याकडे गाईचं तूप हातावर ठेवलं की लगेच पाणी होतं." मावशीचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. ती एवढंच म्हणाली, "बाई, आमच्या म्हशी सरकी खातेत. थंडीत तूप असंच धोंड्यावानी होते. मी का खोटं बोलून राह्यली का?" ताईंनी डबा बाजूला सरकवला. मावशीनं तो झाकून पिशवीत घातला.

सासूबाईंनी पुढच्या वेळी घेऊ असं सांगून ती वेळ निभावून नेली. मला मात्र मावशीचं वाक्य सोडेना. "आमच्या म्हशी सरकी खातेत." मी रसायनशास्त्र शिकवते, तुपाच्या तपासण्या मुलांना फळ्यावर लिहून दिलेल्या आहेत. ही बाई जे एका ओळीत सांगत होती, ते आमच्या विषयातलं फार महत्त्वाचं वाक्य होतं, आणि आमच्या ओट्यावर ते कोणी ऐकून घेतलं नाही.

विदर्भ कापसाचा मुलूख. कापूस वेचला की सरकी निघते, सरकीचं तेल निघालं की ढेप उरते, आणि ती ढेप, कधी सरकी तशीच भिजवून, गोठ्यात जाते. लहानपणी आजोळी संध्याकाळी टोपल्यात भिजत घातलेल्या सरकीचा उग्र, तेलकट वास अजून आठवतो. म्हशी त्या वासानं दावणीला ओढ घ्यायच्या. दूध दाट निघतं, साय जाड येते, म्हणून घरोघर सरकी देतात. पण जनावर जे खातं त्याचा चेहरा तुपावर उमटतो. सरकीतला मेद पोटातून जाऊन दुधात उतरतो, तेव्हा लांब साखळीची आम्लं वाढतात आणि लहान साखळीची, म्हणजे तुपाला त्याचा खास वास आणि मऊपणा देणारी आम्लं त्या मानानं कमी होतात. असं तूप जास्त घट्ट असतं, उशिरा वितळतं, त्याचा रवा मोठा पडतो. तळहातावर ठेवलं तर ते वनस्पती तुपासारखं, म्हणजे डालड्यासारखं वागतं, हे खरंच आहे. म्हणून त्यात वनस्पती आहे असं मात्र होत नाही.

सरकारी मानकांनीही ही गोष्ट फार आधी ओळखली होती. तुपाची एक जुनी प्रयोगशाळेतली चाचणी आहे, रायशर्ट-माइसल. पाच ग्रॅम तुपाचा साबण करायचा, त्यात आम्ल घालायचं, आणि वाफेबरोबर उडून येणारी लहान साखळीची आम्लं गोळा करून मोजायची. ही आम्लं दुधाच्या मेदात भरपूर असतात, वनस्पती तेलात जवळपास नसतात, खोबरेल आणि पामकर्नलमध्ये थोडी असतात. आकडा जास्त म्हणजे दुधाचा मेद जास्त. साधारणपणे हा आकडा २८ च्या खाली जाऊ नये असं धरलं जातं. पण अ‍ॅगमार्कच्या तुपाच्या नियमांत कापूसपट्ट्यासाठी वेगळी ओळ होती: हिवाळ्यात किमान २३, उन्हाळ्यात २१. इतका फरक. म्हणजे शंभर टक्के निर्भेळ वैदर्भी तूप दुसऱ्या प्रदेशाच्या मापानं मोजलं तर ते कागदावर भेसळीचं ठरू शकतं. मावशीच्या एका वाक्यात हा सगळा नियम होता.

आणि याची उलट बाजूही आहे, ती मला जास्त अस्वस्थ करते. म्हशीच्या तुपात लहान साखळीची आम्लं गाईच्या तुपापेक्षा सहसा जास्त असतात. म्हणजे चांगल्या म्हशीच्या तुपाचा आकडा किमान मर्यादेच्या बराच वर असतो. त्यात थोडी वनस्पती मिसळली तरी आकडा मर्यादेच्या आत राहू शकतो. भेसळ करणाऱ्याला ही मधली जागा नेमकी माहीत असते. म्हणून प्रयोगशाळेतही एका आकड्यावर निकाल देत नाहीत, दोन-तीन चाचण्या एकत्र वाचतात. मग आपण तळहातावर काय वाचणार?

तळहाताच्या परीक्षेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती घरोघरी चालते. तूप एका ठरावीक तापमानाला वितळणारी वस्तू नाही. त्यातले काही मेद २८-३० अंशाला सैल होतात, काही चाळिशीच्या जवळ जाईपर्यंत टिकतात. तळहाताची कातडी साधारण ३३-३४ अंशांची. त्यातून नागपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा डब्यातलं कुठलंही तूप पाणी असतं, गाईचं, म्हशीचं आणि वनस्पतीही. डिसेंबरात रात्री तापमान दहा-बारापर्यंत उतरतं तेव्हा सगळंच दगड होतं. पुण्याच्या स्वयंपाकघरातल्या अनुभवाची फूटपट्टी इथे चालत नाही, आणि एप्रिलमधली डिसेंबरात चालत नाही. वनस्पती बनवणाऱ्यांनाही ग्राहक हातावर तूप ठेवून बघतो हे माहीत आहे. वनस्पतीचा वितळबिंदू ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान ठेवायचा नियम आहे, म्हणजे ती तुपाच्या जवळपासच वितळते. मग हातावर ठेवून काय कळणार?

रव्याचंही तसंच. रवाळ तूप म्हणजे खरं तूप, हे आपण आजीपासून ऐकत आलो. रवा मेदाच्या स्फटिकांचा असतो आणि तो पडायला शांतपणे, हळूहळू थंड होणं लागतं. कढवलेलं तूप डब्यात ओतून, हलवाहलव न करता, साधारण २८ अंशाच्या आसपास एक दिवस ठेवलं की सुंदर रवा पडतो. तेच तूप फ्रीजमध्ये घातलं की गुळगुळीत गोळा होतो. म्हशीच्या तुपाचा रवा गाईच्या तुपापेक्षा मोठा. आणि वनस्पतीचे कारखानेही ती मुद्दाम हळूहळू थंड करून रवाळ करतात, कारण लोकांना तसंच हवं असतं. दाणा दिसला म्हणून विश्वास ठेवू नये, आणि दिसला नाही म्हणून कोणाला खोटं पाडू नये.

रंगाबद्दल ताईंचा आग्रह होता की चांगलं तूप पिवळंधमक असतं. गाईचं असतं, हे खरं. हिरव्या चाऱ्यातला कॅरोटीन नावाचा पिवळा रंग गाय पूर्णपणे पचवत नाही, त्यातला काही तुपात उतरतो. म्हैस मात्र तो जवळपास सगळा जीवनसत्त्व अ मध्ये बदलते, म्हणून तिचं तूप पांढरं, कधी किंचित हिरवट झाक असलेलं. त्यामुळे पांढरं तूप कमी सकस असतं असं नाही. उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की गाईच्या तुपाचाही पिवळा रंग उतरतो. आमच्या भागातली गौळाऊ गाय मुळात शेतीच्या कामासाठी प्रसिद्ध, दूध कमीच. वर्धा-नागपूर पट्ट्यात घरगुती तूप म्हणजे बहुतेक वेळा म्हशीचंच, नागपुरी म्हशीचं, तिची ती मागे तलवारीसारखी गेलेली लांब शिंगं. असं असताना बाराही महिने एकसारखं गडद पिवळं, स्वस्त 'गाईचं' तूप कुठून येतं, हा प्रश्न ग्राहकानं विचारायला हवा. पिवळा रंग घालणं सगळ्यात सोपं काम आहे.

मावशी गेल्यानंतर ताईंनी पाहून ठेवलेला एक पर्याय दाखवला. मोबाईलवर, सुंदर बरणी, गाय, गवत, लिटरला ३९९ रुपये. मला इथे रसायनशास्त्राची गरज पडली नाही. मी फ्रीजमधल्या दुधाच्या दोन पिशव्या काढल्या. फुल क्रीम दुधात ६ टक्के मेद असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम मेदाचा फरक. समजा तुमच्या दुकानात दोघांच्या दरात लिटरमागे १४ रुपयांचा फरक आहे. तीस ग्रॅमला १४, तर एक किलोला साधारण ३३ पट, म्हणजे ४६० च्या आसपास. फुल क्रीममध्ये मेदाशिवायचा घन भागही जरा जास्त असतो, त्याचे थोडे वजा करा. चारशे-साडेचारशे रुपये तरी नुसत्या मेदाचे, आणि ते डेअरीच्या घाऊक हिशेबातले. मग ते कढवायचं, भरायचं, गावोगाव पोचवायचं, दुकानदाराची टक्केवारी, करही. लिटरभर तूप म्हणजे नऊशे ग्रॅमहून थोडं जास्त. त्या ३९९ मध्ये मग काय आहे? ताईंनी हिशेब दोनदा करून बघितला. दर शहरागणिक, महिन्यागणिक बदलतो, म्हणून माझे आकडे लक्षात ठेवू नका, पद्धत ठेवा: आपल्याच दुकानातल्या दोन पिशव्यांच्या दरातला फरक, गुणिले ३३. त्याच्या खाली तुपाचा किलोचा दर गेला तर ते तूप मी घेत नाही.

हा हिशेब फक्त खालच्या बाजूनं उपयोगी आहे. महाग म्हणजे खरं, असं त्यातून निघत नाही. लिटरला अडीच-तीन हजार लावणाऱ्या बरण्यांवर 'ए२' लिहिलेलं असतं, पण ए१-ए२ हा दुधातल्या एका प्रथिनाचा फरक आहे आणि तूप म्हणजे जवळपास संपूर्ण मेद, त्यात प्रथिन नावालाच. घरी ताक घुसळून लोणी काढणाऱ्याचा हिशेब मात्र खरंच वेगळा असतो. चार टक्के मेदाच्या गाईच्या दुधाचं एक किलो तूप काढायला २५ लिटर दूध लागतं, सात टक्क्यांच्या म्हशीच्या दुधाचं १४-१५ लिटर, आणि घुसळताना ताकात थोडं जातंच म्हणून जरा जास्त. मावशी गाव दूर असल्यानं डेअरीची गाडी चुकली की उरलेलं दूध विरजते, त्याचं तूप करते, ताक घरात आणि वासरांना. तिचा दर म्हणूनच बाजारातल्या पाकिटापेक्षा वर असतो आणि ए२ च्या बरणीपेक्षा खूप खाली.

दुसरी गोष्ट, बरणी उलटी करून वाचायची. समोरच्या बाजूला चित्रं असतात, मागे खरं लिहिलेलं असतं. खऱ्या तुपाच्या घटकांत दुधाचा मेद एवढंच असतं. वनस्पती तेल, पामतेल, हायड्रोजनीकृत, 'इंटरेस्टरिफाइड' असे शब्द दिसले की ते तूप नाही. आणि एक छोटी खूण माझ्या विद्यार्थिनींनी शोधून मला दाखवली होती: पोषणाच्या तक्त्यात कोलेस्टेरॉल शून्य लिहिलं असेल तर तो मेद वनस्पतीचाच, प्राण्याच्या मेदात ते असतंच. नागपूरच्या महाल आणि इतवारी भागांत दिव्यांच्या सामानाच्या दुकानांत पूजेचं तूप म्हणून जे मिळतं, त्याच्या पाकिटावर बारीक अक्षरांत खाण्यासाठी नाही असं लिहिलेलं असतं. ते दिव्यासाठीच आहे. पण घरात देवघरातली बरणी आणि स्वयंपाकघरातली बरणी सारखीच दिसते, आणि एखाद्या सणाच्या गर्दीत देवघरातलं तूप वरणावर पडतं. आमच्याकडे देवघराच्या बरणीला म्हणून मी लाल दोरा बांधते.

आता ती चाचणी, जी प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप संदेशात असते आणि जवळजवळ प्रत्येकात अर्धवट असते.

वनस्पती बाजारात आली तेव्हाच तिची तुपात भेसळ होणार हे लोकांना दिसत होतं. डालडा १९३७ मध्ये आला. गांधीजी इथूनच, सेवाग्रामात राहून, वनस्पतीच्या विरोधात लिहीत-बोलत होते. जमनालाल बजाजांनी वर्ध्यात गोसेवेचं काम उभं केलं ते याच काळात. वनस्पतीला रंग द्या, म्हणजे तुपात मिसळली तर दिसेल, अशी मागणी पुढे अनेक वर्षं होत राहिली. पण खायला निर्धोक, तापवल्यावर न उडणारा, सहज न काढता येणारा रंग काही हाती लागला नाही. मग दुसरी युक्ती आली: वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालणं बंधनकारक केलं गेलं. डोळ्याला ते दिसत नाही, पण तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरलबरोबर तिळाच्या तेलातला एक घटक किरमिजी लाल रंग देतो. ही बॉडुइन चाचणी. साखरही आम्लात फरफ्युरलसारखं काम करणारं द्रव्य तयार करते, म्हणून साखर घालूनही ती करता येते.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या तुपाचा थोडा नमुना कॉलेजात नेला. मावशीनं डबा झाकण्याआधी सासूबाईंनी त्यातलं थोडं वाटीत काढून ठेवलं होतं. परीक्षानळीत वितळवलेलं तूप एक चमचा, तेवढंच तीव्र आम्ल, चिमूटभर साखर. मिनिटभर हलवलं, पाच मिनिटं स्थिर ठेवलं. दुसऱ्या नळीत बाजारातली वनस्पती, तिसरीत माझ्या घरी लोण्याचं कढवलेलं तूप. या दोन नळ्या नसतील तर पहिल्या नळीचा काहीच अर्थ लागत नाही, हे मी मुलांना नेहमी सांगते. वनस्पतीच्या नळीत खालचा आम्लाचा थर गुलाबी होत किरमिजी झाला. बाकी दोन्ही नळ्यांत खालचा थर तसाच. एक चौथी नळीही होती, मावशीच्याच तुपाची, पण साखरेशिवाय नुसतं आम्ल. ती यासाठी की काही कृत्रिम पिवळे रंग नुसत्या आम्लानंच लाल होतात, आणि मग आपल्याला ते तिळाचं तेल वाटतं. तीही नळी स्वच्छ.

मला बरं वाटलं. पण नळीकडे बघत असतानाच हेही जाणवत होतं की या स्वच्छ नळीनं एवढंच सांगितलं की यात तिळाचं तेल घातलेली वनस्पती नाही. रिफाइंड पामतेल मिसळलेलं असतं, तर ही नळी गप्पच राहिली असती. प्राण्यांची चरबी असती तरी गप्पच. तीळच नसलेला मेद असेल तर लाल रंग येणार कुठून? लाल झालं तर भेसळीचा ठाम संशय, लाल न झाल्यास फक्त एक शक्यता वजा. तसंच आयोडीनचं. तुपात बटाटा किंवा रताळं कुस्करून घातलं असेल तर आयोडीनच्या दोन थेंबांनी निळा रंग येतो, पण स्टार्च नसलेली भेसळ त्याला दिसत नाही. आणि ही आम्लाची चाचणी कृपा करून घरी करू नका. तीव्र आम्लाच्या वाफा घशाला लागतात, थेंब हातावर पडला तर भाजतं, आणि संडास धुवायचं बाजारातलं पिवळं अ‍ॅसिड अशुद्ध असतं, त्यात रंग कसला आला हे कळत नाही. ओळखीच्या कॉलेजात विचारा, तास संपल्यावर दहा मिनिटांचं काम आहे.

यापुढचा रस्ता खऱ्या प्रयोगशाळेचा. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे आपण विकत घेतलेला नमुना कोणीही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, मात्र विकत घेतानाच विक्रेत्याला आपण हा तपासायला नेणार आहोत असं कळवायचं असतं. बिल घ्या, बरणी न उघडता ठेवा. नेहमीच्या दुकानदाराला हे तोंडावर सांगणं अवघड जातं, मला कळतं. पण भेसळीचा संशय ठाम असेल आणि तूप पाकिटबंद असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली की पुढचं काम त्यांचं. मावशीच्या बाबतीत मी हे केलं नाही. तिच्याकडून लोणीच घ्यायचं असं मी ठरवलं.

लोणी घेण्यात एक मोठा फायदा आहे, ते स्वतः आपली साक्ष देतं. मागल्या रविवारी तिच्याकडून घेतलेल्या अर्धा किलो लोण्याचं काय झालं ते सांगते, म्हणजे कळेल. लोणी आधी थंड पाण्यानं दोनदा धुतलं, ताकाचा आंबट अंश निघून गेला. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. आधी फेस येतो आणि मोठे बुडबुडे खदखदतात, म्हणजे पाणी उडतंय. हळूहळू आवाज बारीक होतो, बुडबुडे लहान होतात, आणि तळाशी पांढरा साका बसतो. तो साका बदामी झाला, वास खरपूस झाला, की आच बंद. तापमापी असेल तर ११० अंशाच्या आसपास. सासूबाई विड्याचं पान टाकतात, ते कुरकुरीत झालं की पाणी संपलं असं समजायचं. लवकर उतरवलं तर ओल राहते आणि महिन्याभरात खवट वास येतो. उशीर झाला तर बेरी काळी होते आणि तूप कडवट. गाळून वजन केलं, ३९० ग्रॅम भरलं. चांगल्या लोण्यात ८० टक्के मेद असायला हवा, म्हणजे अर्ध्या किलोत ४०० ग्रॅम, थोडं बेरीला आणि गाळणीला लागणार. हिशेब जुळला. तूप ३०० ग्रॅमच निघालं असतं तर आपण लोण्याच्या भावात पाणी घेतलं असं कळलं असतं. आणि बदामी बेरीही भरपूर निघाली. तेल थापून केलेल्या नकली लोण्यात दुधाचे कण नसतात, म्हणून त्याची बेरी नावालाच बसते, वासही नुसत्या तेलाचा येतो. ही बेरी माझ्या मुलाला साखर घालून खायची असते, भांडं तोच घासूनपुसून स्वच्छ करतो.

त्या तुपाचा रवा दुसऱ्या दिवशी मोठा, पांढराशुभ्र पडला. ताईंना फोटो पाठवला नाही, फोटोत काय दिसणार. पुढच्या खेपेला मावशी आली तेव्हा मी तिला सांगितलं की तुझं म्हणणं खरं आहे, सरकीमुळं असंच होतं, मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलंय. ती म्हणाली, "आमाले तं माहीतच हाय बाई." मग थोड्या वेळानं, "थे पुण्याच्या बाईले सांगजा." मी सांगितलं. ताईंनी फोनवर ऐकून घेतलं, पण त्यांना अजून पिवळंच तूप आवडतं, आणि त्यांनी पुण्यात ओळखीच्या गोठ्यातून घ्यायला सुरुवात केली आहे. सरकीचं तूप त्यांच्या जिभेला जड लागतं, तेही खोटं नाही. लहान साखळीची आम्लं कमी म्हणजे वास कमी.

घरात मी आता वेगवेगळं ठेवते. वरणभातावर, लहानांच्या मऊ भातावर गाईचं तूप, कारण ते लवकर विरघळतं आणि वास नाकापर्यंत लगेच येतो. पुरणपोळीसाठी, आमच्याकडे पोळीबरोबर तुपाची वाटीच लागते, त्यासाठी मावशीचं म्हशीचं. लाडू वळायलाही तेच, थंडीत आकार धरून ठेवतं. खारं, पिवळं, पाकिटातलं लोणी मी फक्त पोळीला आणि पावाला लावते. त्यात १६ टक्क्यांपर्यंत पाणी आणि वर मीठ असतं, कढई तापली की दुधाचे कण लगेच जळतात, फोडणी त्यात होत नाही. वनस्पती मी आणत नाही. तिच्यातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, ही मोठी सुधारणा झाली. तरीही उरतो तो बहुतेक पामतेलाचा घट्ट, सपक मेद. त्याची किंमत कमी आहे आणि तो आपल्या खऱ्या नावानं विकला गेला तर माझी तक्रार नाही. बेकरीतली खारी आणि नानकटाई त्यानंच खुसखुशीत होते, आणि ज्याला तूप परवडत नाही त्याच्या घरी दिवाळीचे शंकरपाळे त्यातच तळले जातात. माझी तक्रार तुपाच्या डब्यात लपलेल्या वनस्पतीची आहे. मिठाईच्या दुकानात "शुद्ध तुपातले" असं लिहिलेलं असतं तिथे मी आता काउंटरवरच विचारते, तूप गाईचं की म्हशीचं, आणि डबा कुठला. ज्याला माहीत असतं तो लगेच सांगतो. नुकतंच गोकुळपेठेतल्या एका दुकानदारानं आतून डबा आणूनच दाखवला, मागची ओळ वाचून मी सोहन हलवा अर्धा किलो घेतला.